स्ट्रेन जास्त, मग वाढही जास्त? पायरीच्या दांड्यातला घोळ

एका डिप्लोमाच्या मुलानं रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवला. स्टीलचा पायरीचा दांडा, ४० किलोन्यूटनची अक्षीय ओढ. बारीक भाग २० मिमी व्यासाचा, २०० मिमी लांब; जाड भाग ४० मिमी व्यासाचा, १२०० मिमी लांब. E = २ × १०⁵ न्यूटन प्रति चौ. मिमी. दांड्याची एकूण वाढ किती, याचं उत्तर त्यानं काढलं होतं १.११४ मिमी. खरं उत्तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे.

स्ट्रेसपर्यंत त्याचं सगळं बरोबर होतं. ओढ दोन्ही भागांत तीच, फक्त क्षेत्रफळ वेगळं. व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, त्यामुळे बारीक भागात १२७.३ आणि जाड भागात ३१.८ न्यूटन प्रति चौ. मिमी. साध्या स्टीलची यील्डची मर्यादा साधारण २५० असते, म्हणजे हूकचा नियम इथे बिनधास्त वापरता येतो. E नं भागलं की स्ट्रेन मिळतो: बारीक भागात ०.०००६३७, जाड भागात ०.०००१५९.

गडबड इथून पुढे झाली. त्यानं दोन्ही स्ट्रेन मिळवले आणि बेरजेला अख्ख्या १४०० मिमीनं गुणलं. पण स्ट्रेन म्हणजे दर मिलिमीटरमागे किती ताणलं गेलं तो दर. साखर चाळीस रुपये किलो आणि गूळ साठ रुपये किलो असेल, तर शंभराच्या दरानं बिल होत नाही. ज्याचा त्याचा दर ज्याच्या त्याच्या वजनाला लागतो. वाढ मात्र प्रत्यक्ष मिलिमीटरमध्ये असते, म्हणून ती मिळवता येते:

```
δ = PL₁/(A₁E) + PL₂/(A₂E)
δ = 0.127 + 0.191 = 0.318 mm
```

आता गंमत बघा. जाड भागाचा स्ट्रेन बारीक भागाच्या एक चतुर्थांश, तरी वाढ त्याचीच जास्त, कारण तो सहापट लांब आहे. तुटण्याची भीती मात्र बारीक भागाला, कारण ती स्ट्रेसवर ठरते. (पायरीच्या कोपऱ्यात तर स्ट्रेस या १२७ च्याही वर जातो, P/A ते दाखवत नाही.)

उत्तर पडताळायला मी एकच भागाकार करतो. एकूण वाढ भागिले एकूण लांबी, म्हणजे सरासरी स्ट्रेन, दोन्ही स्ट्रेनच्या मध्येच पडायला हवा. ०.३१८ ला १४०० नं भागलं की ०.०००२२७ येतं, ठीक. त्याच्या उत्तरातून ०.०००७९६ येतं, म्हणजे बारीक भागाच्या स्ट्रेनपेक्षाही मोठं. असं होणं शक्यच नाही.

फोटो असला की आणखी एक बघतो: पायरीपाशी आणखी एखादा भार दाखवणारा छोटा बाण सावलीत दडलाय का. असला, तर दोन भागांतलं P वेगवेगळं होतं, आणि प्रत्येक भाग कापून त्याचं फ्री बॉडी डायग्रॅम काढल्याशिवाय वरचं सूत्र लावता येत नाही.