फोटोत चष्मा, नथ किंवा टोपी घालून घेण्यापूर्वी

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारं काम असं असतं: घरातलं माणूस गेलेलं आहे, भिंतीवर लावण्याजोगा फोटो एकच सापडला आहे आणि नेमका त्यात चष्मा नाही. जन्मभर चष्म्यात पाहिलेला चेहरा चष्म्याशिवाय परका वाटतो. हा चष्मा आम्ही कसा बसवतो आणि त्यासाठी तुमच्याकडून काय लागतं, ते इथे सांगत आहोत.

पहिला प्रश्न मापाचा. चष्मा अंदाजाने लहानमोठा करत बसलो तर तो हमखास चुकतो. सुदैवाने फोटोतच एक मोजपट्टी असते. मोठ्या माणसाच्या बुबुळाची रुंदी साधारण पावणेबारा मिलिमीटर असते आणि माणसामाणसांत तिच्यात फारच थोडा फरक पडतो. चष्म्याच्या काडीवर आतून 52-18-140 असे आकडे असतात. त्यातला पहिला एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरचं अंतर आणि तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये.

एका ताईंनी वडिलांचा बँकेच्या फॉर्मवरचा फोटो आणला होता. स्कॅनमध्ये बुबुळ 47 पिक्सेल भरलं, म्हणजे एका मिलिमीटरला चार पिक्सेल. दोन काचा, मधलं अंतर आणि कडेची बिजागरं धरून फ्रेम 134 मिलिमीटर होती. ती फोटोत 536 पिक्सेल रुंद हवी. एवढं ठरलं की डोळ्यांनी अंदाज बांधण्यासारखं फार काही उरत नाही.

तरीही पहिला नमुना पाहून त्यांची आई म्हणाली, “डोळे ह्यांचे नाहीत.” चूक आमची होती. त्यांचा नंबर मायनस सहा होता आणि आम्ही काचा साध्या ठेवल्या होत्या. मायनस काचेमागे डोळा लहान दिसतो. या नंबराला सुमारे आठ टक्के. शिवाय गालाची कड काचेतून पाहिली की आत सरकलेली दिसते, रेषेला पायरी पडल्यासारखी. प्लस नंबर असेल तर उलट होतं, डोळे मोठे दिसतात. आम्ही काचेच्या आतला भाग त्या प्रमाणात आक्रसून घेतला, गालाची कड आत घेतली, तेव्हा आई काही न बोलता फोटोकडे बघत राहिली. म्हणून आता नंबर विचारल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही.

मग सावली. फोटोत नाकाची सावली ज्या बाजूला पडली आहे, त्याच बाजूला फ्रेमची सावली गालावर आणि भुवईखाली पडली पाहिजे. नाकाला टेकते तिथे ती बारीक आणि गडद असते, गालावर पसरत फिकट होते. काडी कानाकडे जाताना केसांत शिरते, तेव्हा दोन-चार केस तिच्यावरून यायला हवेत. कान धूसर असेल तर काडीचं टोकही तेवढंच धूसर करावं लागतं. जुन्या फोटोला दाणा असतो, तो चष्म्यावरही चढवतो. नाहीतर चष्मा नवा आणि माणूस जुना दिसतो.

येताना काय आणाल

खरा चष्मा घरात असेल तर तोच आणा. शक्य नसेल तर घरातल्या कुणाला तो घालून, मूळ फोटोत चेहरा जितका वळलेला आहे तितकाच वळवून, उजेड त्याच बाजूने घेऊन फोटो काढा. मोबाइल दीड मीटर लांब धरा, फ्लॅश नको. फार जवळून काढला की फ्रेम मध्ये फुगते आणि काड्या आखूड दिसतात. मग ती चेहऱ्यावर बसत नाही. चष्म्याचा कागद, म्हणजे नंबर, सोबत असू द्या.

नथीच्या कामात एक गोष्ट नक्की तपासा. काही फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी साठवली जाते. आपली नथ डाव्या नाकपुडीत असते. उलट्या फोटोत ती चुकीच्या बाजूला जाईल. साडीचा पदर कोणत्या खांद्यावर दिसतो ते पाहिलं की लगेच कळतं. टोपी किंवा फेटा असेल तर कपाळावर त्याची सावली आणि कडेखाली दबलेले केस, या दोन गोष्टी आम्ही हाताने करतो. त्या राहिल्या की टोपी डोक्यावर ठेवलेली न वाटता चिकटवलेली वाटते.

नमुना मोबाइलवर मोठा करून पाहू नका, हातभर अंतरावरून पाहा आणि त्या माणसाला रोज पाहिलेल्या कुणालातरी दाखवा. बुबुळ दहा पिक्सेलपेक्षा लहान भरत असेल तर आम्ही काम घेत नाही, कारण एका पिक्सेलच्या चुकीने फ्रेम दीड सेंटिमीटरने लहानमोठी होते. पासपोर्ट, आधार यांसारख्या ओळखपत्रांसाठी असे फोटो करून देत नाही. मूळ फोटो स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळेल.