2 चे घात आणि 11: दहा पायऱ्या कशावरून?

"फर्माच्या प्रमेयानुसार 2 च्या 10व्या घाताला 11 ने भागलं की बाकी 1 उरते. म्हणजे 2 च्या घातांना 11 ने भागल्यावर येणाऱ्या बाक्यांचं चक्र 10 पायऱ्यांचंच, बरोबर ना?"

उत्तर बरोबर आहे, पण त्यामागचं कारण चुकीचं. प्रमेय एवढंच सांगतं की दहाव्या पायरीला 1 येतोच. त्याआधी येणार नाही असं ते म्हणत नाही. 3 घेऊन पाहा: 3 चा 5वा घात 243, म्हणजे 22 × 11 + 1. तिथे चक्र पाचातच संपतं.

पहिल्यांदा 1 ज्या पायरीला येतो, तिला गुणाकारी कोटी म्हणतात. त्यानंतर 1 फक्त तिच्या पटींतच येतो, म्हणून कोटीने 10 ला निःशेष भागलंच पाहिजे. मग 1, 2 आणि 5 एवढ्याच पायऱ्या तपासायच्या. 2 च्या बाबतीत तिथे बाक्या 2, 4 आणि 10 येतात (32 − 22 = 10). एकही 1 नाही, म्हणून कोटी 10.

प्रत्येक बाकी दुप्पट करून, 11 च्या वर गेली की 11 वजा करत गेलं की सगळी रांग मिळते: 2, 4, 8, 5, 10, 9, 7, 3, 6, 1. गंमत म्हणजे पुढच्या पाच बाक्या आधीच्या पाच 11 मधून वजा केल्यावर क्रमाने मिळतात. आकडेमोड चुकली तर ही जोडी लगेच बिघडते.