एडीएचडीच्या औषधाने उडालेली झोप आणि रात्रीच्या गोळीचा हिशेब

एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या विकारासाठी उत्तेजक औषध सुरू झाले आणि झोप उडाली, ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यावरचा उपायही जणू ठरून गेलेला असतो: रात्रीसाठी गुंगी आणणारी एखादी गोळी जोडून द्यायची. काही रुग्णांना अशा गोळीची खरोखर गरज असते. मात्र दिवसाचे औषध शरीरातून केव्हा ओसरते आणि रात्रीचे केव्हा, हे घड्याळाच्या काट्यांवर मांडून पाहिल्याशिवाय ती दिली गेली, तर दोन्ही औषधे एकमेकांचे परिणाम झाकू लागतात आणि मूळ दुखणे कोणते, हेच कळेनासे होते.

मेथिलफेनिडेट हे या गटातले सर्वांत जास्त वापरले जाणारे औषध. चेतापेशींच्या संधिस्थानी सोडले गेलेले डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन पुन्हा पेशीत ओढून घेणाऱ्या वाहकांना ते अडवते. त्यामुळे ही रसायने तिथे अधिक काळ रेंगाळतात आणि लक्ष टिकते. मेंदूला जागे ठेवण्याचे कामही याच रसायनांकडे असल्याने, औषधाचा अंमल चालू असताना झोप न येणे अगदी स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच उरतो की हा अंमल किती वाजता संपतो. साध्या गोळीचा परिणाम तीन-चार तासांत उतरतो, तर दिवसातून एकदाच घ्यायच्या दीर्घकालीन प्रकारांचा परिणाम 10 ते 12 तास टिकतो.

समजा, 34 वर्षांच्या एका व्यक्तीला 36 मिलिग्रॅमची दीर्घकालीन गोळी दिली आहे. सकाळी लवकर उठण्याची सवय नसल्यामुळे ती गोळी 10 वाजता घेतली जाते. या प्रकारच्या गोळीत औषधाचा जेमतेम पाचवा भाग बाहेरच्या थरात असतो आणि तो लगेच विरघळतो. उरलेले औषध आतून हळूहळू बाहेर पडत राहते आणि रक्तातील पातळी सहा ते दहा तासांनी शिखर गाठते. म्हणजे आपल्या उदाहरणात हे शिखर दुपारी 4 ते रात्री 8 या वेळेत येते. त्यानंतर साधारण साडेतीन तासांना पातळी निम्मी होते, असे धरले तर रात्री 11 वाजता अंथरुणावर पडताना शरीरात औषध चांगलेच शिल्लक असते. ही व्यक्ती 2 वाजेपर्यंत कूस बदलत राहते आणि पुढच्या भेटीत तेवढेच सांगते. सकाळची गोळी किती वाजता घेतली, हे कोणी विचारत नाही आणि रात्रीसाठी क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारे औषध अर्धा मिलिग्रॅम लिहून दिले जाते.

इथे दुसरा हिशेब सुरू होतो. क्लोनाझेपामचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातील मात्रा निम्मी होण्याचा काळ, साधारण 30 ते 40 तासांचा असतो. तो 35 तास धरला, तर 24 तासांनी पहिल्या गोळीतले सुमारे 62 टक्के औषध शरीरात उरलेले असते आणि त्यावर दुसरी गोळी पडते. रोज असेच चालू राहिले, की आठवडाभरानंतर शरीरातील साठा एका गोळीच्या जवळपास अडीच पट होऊन स्थिरावतो. पहिल्या दोन रात्री बरे वाटलेली व्यक्ती दुसऱ्या आठवड्यात सकाळी जड डोक्याने उठते, वाचलेले विसरते, कामात चुका करते आणि संभाषणाचा धागा सोडते. यातले जवळपास प्रत्येक लक्षण एडीएचडीचेही असल्यामुळे, दिवसाचे औषध कमी पडते आहे असा निष्कर्ष काढून त्याची मात्रा 36 वरून 54 मिलिग्रॅम केली जाते. शिवाय उठायलाच उशीर होऊ लागल्याने गोळीची वेळही 11 वर सरकते. रात्र आणखी लांबते, मग झोपेच्या गोळीची मात्राही वाढते. असे वर्तुळ चालू राहण्यासाठी कोणाचा निष्काळजीपणा लागत नाही. प्रत्येक पाऊल त्या-त्या भेटीपुरते समंजस दिसते, आणि मला यातला खरा धोका तोच वाटतो.

रात्रीच्या वेळेचा आणखी एक पैलू आहे. उत्तेजक औषधाचा अंमल शिल्लक असताना गुंगीची गोळी घेतली, तर तिचा परिणाम जाणवायला वेळ लागल्यासारखा वाटतो. गोळी चाललीच नाही असे समजून लोक तासाभरात दुसरी घेतात. मध्यरात्रीनंतर उत्तेजक औषध ओसरते, दोन्ही गोळ्यांची गुंगी मात्र तशीच राहते आणि तिचा भार पहाटेवर व सकाळच्या वाहन चालवण्यावर पडतो. सोबत मद्य घेतले असेल किंवा घोरण्यात श्वास अडकण्याचा विकार असेल, तर हा दुसरा डोस श्वसनासाठीही घातक ठरू शकतो.

म्हणून झोपेची गोळी लिहिण्यापूर्वीची चौकशी महत्त्वाची. औषध सुरू होण्याआधी झोप किती वाजता लागत असे? एडीएचडी असलेल्या अनेकांचे शरीराचे घड्याळ मुळातच उशिरा चालते, त्यामुळे जुनी अडचण नव्या औषधाच्या माथी मारली जाऊ शकते. संध्याकाळी औषध उतरताना चिडचिड आणि अस्वस्थता उसळून येते का? तसे असेल तर झोप उडण्याचे कारण औषधाचा अंमल संपणे हे असू शकते, आणि अशा काही रुग्णांना दिवसाच्या औषधाची उशिराची छोटी मात्रा दिल्यावर उलट चांगली झोप लागते. दोन आठवड्यांची साधी नोंदवही, तीत गोळीची वेळ, चहा-कॉफीची शेवटची वेळ, अंथरुणावर पडण्याची आणि झोप लागल्याची अंदाजे वेळ लिहिली, तर या शक्यता बऱ्याच अंशी वेगळ्या करता येतात.

रात्रीचे औषध लागलेच, तर प्रत्येक औषधाची वेळ वेगळी असते. मेलॅटोनिन झोपेच्या थोडे आधी घेतल्यास झोप लागायला मदत करते. उशिरा चालणारे घड्याळ पुढे आणायचे असेल, तर तेच कमी मात्रेत संध्याकाळी, काही तास आधी घ्यावे लागते. क्लोनिडीनने गुंगी येते, पण रक्तदाब आणि नाडीचा वेगही उतरतो; ते एकाएकी बंद केल्यास रक्तदाब उसळू शकतो. त्यामुळे औषध सुरू करतानाच ते कधी तपासायचे आणि कसे थांबवायचे, हे लिहून ठेवायला हवे.

आपल्या उदाहरणातील व्यक्तीसाठी डॉक्टरांनी आधी उत्तेजक औषधाची वेळ सकाळी 7 वर आणली आणि मात्रा पुन्हा 36 मिलिग्रॅम केली, म्हणजे शिखर दुपारी 1 ते संध्याकाळी 5 या वेळेत येईल. पुढचे काम क्लोनाझेपाम उतरवण्याचे. काही आठवडे रोज घेतलेली ही गोळी अचानक बंद केली, तर झोप पूर्वीपेक्षाही बिघडते, क्वचित आकडीचे झटकेही येऊ शकतात, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी केली जाते. प्रत्येक टप्प्यानंतर काही रात्री वाईट जाणे अपेक्षित असते. रुग्णाला हे आधी सांगितलेले नसेल, तर त्या रात्री "मला गोळीशिवाय झोपच येत नाही" याचा पुरावा वाटतात आणि मात्रा पुन्हा चढते. सांगितलेले असेल, तर नोंदवहीत त्यांच्यापुढे फक्त "मात्रा कमी केल्याचा तिसरा दिवस" असे लिहिले जाते आणि पुढचा टप्पा झोप स्थिरावेपर्यंत लांबवला जातो.