‘नक्की’चं ‘नको’ होतं तेव्हा

संध्याकाळी सात वाजता फोनवर असा संदेश येतो: ‘उद्या नको ये साडेनऊला फाईल अन चवी शेजारी आहे’. विरामचिन्हं नाहीत, पाठवणारा प्रवासात आहे आणि फोन उचलत नाही. वाचणाऱ्याला पहिल्यांदा ‘चवी’ खटकते. शेजारी कसली चव? तो हसतो, मनातल्या मनात ‘चावी’ वाचतो आणि पुढचा अर्थ लावतो: उद्या जायचं नाही, फाईल आणि चावी शेजाऱ्यांकडे ठेवली आहे.

पाठवणाऱ्याला म्हणायचं होतं: ‘उद्या नक्की ये, साडेनऊला. फाईल आण. चावी शेजारी आहे.’

म्हणजे वाचणाऱ्याने तीन चुकांपैकी एकच पकडली, आणि तीही सर्वांत निरुपद्रवी. यात त्याचा दोष नाही. ‘चवी’ वाक्यात बसत नाही म्हणून डोळ्यात भरते. ‘नको’ आणि ‘अन’ हे रोजचे शब्द आहेत, त्यामुळे नजर त्यांच्यावरून सहज पुढे सरकते. फोनची आपोआप दुरुस्ती करणारी सोय, म्हणजे ऑटोकरेक्ट, नेमकी इथेच घात करते. ती निरर्थक अक्षरांच्या जागी खरा शब्द बसवते. निरर्थक अक्षरं दिसली असती तर आपण थबकलो असतो. खरा शब्द बसला की चुकीचा मागच पुसला जातो.

म्हणून असा संदेश दुरुस्त करताना उलट्या दिशेने चालावं लागतं. आधी ऑटोकरेक्टने काय केलं ते उकलायचं, मग बोटांनी काय केलं ते.

रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे `nakki` असं टाइप करतात. घाईत एक `k` सुटला की होतं `naki`. आता कीबोर्ड या अक्षरांच्या जवळपासचे शब्द शोधतो. `i` आणि `o` या कळा शेजारीशेजारी आहेत, `nako` हा शब्द सतत लिहिला जातो, म्हणून तो ‘नको’ बसवून मोकळा होतो. बोटाची एक चूक, यंत्राची एक चूक, आणि बोलावणं नकारात बदललं. ‘आण’चा प्रवास याहून छोटा. `aan` मधला एक `a` गेला की उरतं `an`, आणि रोमन `n` मध्ये न आणि ण दोन्ही सामावलेले असल्यामुळे ‘अन’ तयार. ‘चावी’च्या बाबतीत तर बोट चुकलंच नाही. `chavi` बरोबरच लिहिलं होतं, पण त्या अक्षरांतून चावी आणि चवी दोन्ही निघतात. यंत्राने भलता पर्याय उचलला.

या उलट्या प्रवासाला सांख्यिकीचा आधार आहे. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली संदेशवहनाचा सिद्धांत मांडला. पाठवलेला संदेश वाटेत गोंगाटामुळे बिघडतो आणि ऐकणाऱ्याला बिघडलेल्या रूपावरून मूळ रूप ओळखायचं असतं, अशी त्याची मांडणी. 1990 साली बेल लॅब्जमधल्या केर्निगन, चर्च आणि गेल यांनी हाच विचार स्पेलिंगच्या चुकांना लावला. दिसणाऱ्या शब्दामागे कोणते शब्द असू शकतात ते मांडायचं आणि प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचे. हा शब्द इथे येण्याची शक्यता मुळात किती? आणि तो लिहिताना नेमकी ही चूक होण्याची शक्यता किती? दोन्हींचा गुणाकार ज्याचा मोठा, तो शब्द खरा मानायचा.

आपल्या संदेशावर हे करून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा, ‘उद्या … ये साडेनऊला’ अशी एक लाख वाक्यं लिहिली गेली. त्यातल्या 50,000 मध्ये मोकळ्या जागी ‘नक्की’ आहे आणि फक्त 5 मध्ये ‘नको’, कारण मराठीत नकार द्यायचा तर आपण ‘येऊ नकोस’ म्हणतो; ‘नको ये’ कोणी म्हणत नाही. आता दर 2,000 वेळांतून एकदा ‘नक्की’चं ‘नको’ होतं असं धरलं, तर 50,000 मधून 25 वेळा पडद्यावर ‘नको’ दिसेल. चुकून आलेले 25, खरोखरचे 5. चूक दुर्मिळ असूनही पारडं ‘नक्की’कडे झुकलं, कारण खरा ‘नको’ त्या जागी त्याहून दुर्मिळ आहे.

कोणत्या चुका आधी तपासायच्या, याचं उत्तरही जुनं आहे. फ्रेडरिक डॅमरो यांना 1964 साली दिसलं, की स्पेलिंगच्या 80 टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर गळणं, एक जादा येणं, एक बदलणं, किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. त्यामुळे संशयित शब्द रोमनमध्ये लिहून एकेका अक्षराचा फेरफार करून पाहिला, की बहुतेक वेळा मूळ शब्द हाती लागतो. ऑटोकरेक्टने त्यात भर घातली असेल तर आणखी एक पाऊल मागे जावं लागतं, इतकंच.

पण दडलेल्या शब्दावर संशय यायचा कसा? व्याकरण कुठे अडखळतं ते बघावं. ‘नको ये’ कानाला विचित्र लागतं, ही पहिली खूण. दुसरी खूण शेवटी आहे: फाईल आणि चावी दोन्ही शेजारी असत्या तर ‘आहेत’ आलं असतं. इथे ‘आहे’ आहे, म्हणजे शेजारी बहुधा एकच वस्तू आहे. अर्थात घाईत अंत्याक्षरही गळू शकतं, तेव्हा ही खूण पुरावा नव्हे.

आता अडचणीची जागा. ‘उद्या नको. ये साडेनऊला’ असंही वाचता येतं, म्हणजे आज रात्री साडेनऊला ये! संदेश संध्याकाळी सातला आला आहे, त्यामुळे हा अर्थ अगदीच अशक्य नाही. मघाचा हिशोब वाक्य सलग धरून केला होता. पूर्णविराम गळला असेल तर तो कोसळतो. आधीच्या बोलण्यात ‘उद्या मला जमेलसं वाटत नाही’ असं आलं असेल, तर हा अर्थ वरचढही ठरेल. इथे आणखी डोकं चालवण्यात हशील नाही, विचारावं. मात्र ‘काही कळलं नाही, परत पाठव’ असं नको. घाईतला माणूस घाईतच परत पाठवेल. ‘उद्या सकाळी साडेनऊला फाईल घेऊन येऊ ना?’ असं विचारलं, की दिवस, वेळ आणि फाईल तिन्ही एका ‘हो’मध्ये पक्के होतात.

आकड्यांना तर संदर्भाचा हा आधारही नसतो. 9:30 च्या जागी 8:30 पडलं तर वाक्य तितकंच सुरळीत वाचलं जातं, आणि 8 ची कळ 9 ला लागूनच असते. क्रेडिट कार्डाच्या क्रमांकात यासाठी शेवटी एक तपासणीचा अंक जोडलेला असतो. हान्स पीटर लून यांच्या या पद्धतीत एका अंकाची कोणतीही चूक पकडली जाते. वेळेला असा अंक जोडता येत नाही, पण ‘साडेनऊला, म्हणजे 9:30’ असं दोनदा लिहिलं तर तेच काम होतं: दोन्ही जुळले नाहीत की वाचणारा थांबतो.

पाठवणाऱ्याला चूक नंतर दिसली, तर अनेकजण फुलीच्या खुणेसह नुसता ‘*नक्की’ पाठवतात. वर तीन संशयित शब्द असताना तो कोणाच्या जागी बसवायचा, हे वाचणाऱ्यावर सोडलं जातं. शिवाय मधल्या वेळात दुसऱ्या कोणाचा संदेश आला तर दुवाच तुटतो. पूर्ण वाक्य पुन्हा पाठवावं आणि आधीचं रद्द समज असं लिहावं. जुना संदेश गुपचूप बदलला तर त्यात एक धोका राहतो: ज्याने तो आधीच वाचून ‘नको’ समजून घेतलं आहे, तो पुन्हा उघडून बघेलच असं नाही.