धडधड झाली तेव्हा घड्याळात किती वाजले होते?

छातीत धडधड होते म्हणून डॉक्टरांकडे गेलं की आधी ईसीजी काढला जातो. पण हातापायांना क्लिपा आणि छातीवर सहा वाट्या लावेपर्यंत धडधड बहुतेक वेळा थांबलेली असते. पट्टीवर नोंद होते ती साधारण 10 सेकंदांची, म्हणजे बारा-तेरा ठोक्यांची. हृदय दिवसभरात सुमारे एक लाख वेळा धडकतं.

मग त्या पट्टीचा उपयोग काय? धडधड पकडण्यासाठी फारसा नाही, पण हृदयाची विजेची वायरिंग कशी आहे हे त्यातून दिसतं. जन्मतःच एखादा जादा मार्ग असेल, ठोक्यानंतर हृदय पूर्ववत व्हायला प्रमाणाबाहेर वेळ लागत असेल, पूर्वी झटका येऊन गेला असेल, तर त्याच्या खुणा बऱ्याचदा शांत वेळच्या ईसीजीतही सापडतात. त्या नसणं ही चांगली बातमी आहे. धडधड नेमकी कशाची, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

त्यासाठी होल्टर लावतात, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवत राहणारं यंत्र. नॉर्मन होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1940च्या दशकात चालत्याफिरत्या माणसाचा ईसीजी घेतला, तेव्हा पाठीवरच्या यंत्राचं वजन जवळपास 38 किलो होतं. आता ते यंत्र शर्टाखाली लपतं. छातीवर चिकटपट्ट्या लावून 24 तास घरी पाठवतात. त्या दिवशी अंघोळ बहुधा टाळायची, बाकी जिने चढायचे, ऑफिसला जायचं, नेहमीचा चहा घ्यायचा. गादीवर पडून राहिलात तर तपासणी वाया गेली म्हणायची.

त्रास झाला ती वेळ लिहायला सोबत एक कागद देतात आणि त्या क्षणी दाबायला यंत्रावर एक बटण असतं. लोक दोन्हीकडे दुर्लक्ष करतात, आणि माझ्या मते अर्धी तपासणी तिथेच असते. समजा, एका पस्तिशीच्या शिक्षिकेने कागदावर दोन नोंदी केल्या: ‘दुपारी 3.15, ठोका चुकला’ आणि ‘रात्री 10.40, अंथरुणावर जोरात धडधड, पाच मिनिटं’. तंत्रज्ञ त्या वेळा रेकॉर्डिंगमध्ये उघडतो. रात्री 10.40ला गती मिनिटाला 96, ताल अगदी नियमित, ठोका नेहमीच्याच जागेवरून सुरू झालेला. म्हणजे तिला जाणवत होता तो तिचा स्वतःचा नॉर्मल ठोका, जरा वेगाने पडणारा. दिवसभराच्या गडबडीत तो कळत नाही. शांत खोलीत, डाव्या कुशीवर झोपल्यावर कळतो.

3.15ला वेगळं दिसतं. एक ठोका वेळेआधीच पडलेला, मग किंचित मोठी विश्रांती. लवकर पडलेल्या ठोक्यात हृदय पुरेसं भरलेलं नसतं, त्यामुळे तो दुबळा असतो, बऱ्याचदा जाणवतच नाही. विश्रांतीत रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकन बसतो. ‘काळीज गचकलं’ म्हणतात ते हेच. असे एक्स्ट्रा ठोके धडधाकट माणसांतही सर्रास असतात. रिपोर्टात दिवसाला शंभर-दोनशे आकडा वाचून घाम फुटतो, पण लाखातले दोनशे म्हणजे हजारात दोन. हृदयाची रचना ठीक असेल तर त्यांच्यासाठी सहसा औषधही लागत नाही.

रिपोर्ट वाचताना आणखी दोन गोष्टी घाबरवतात. झोपेत गती चाळिशीत उतरलेली दिसते. तरुण, निरोगी माणसात ते चालतं. आणि दात घासताना हात हलल्याने पट्टीवर उमटणारी वेडीवाकडी रेघ कधी कधी गंभीर बिघाडासारखी भासते. तिथेही कागदावरची वेळच सोडवणूक करते.

आता तोच रिपोर्ट नॉर्मल, पण दिवसभरात धडधड झालीच नाही, असं झालं तर? मग तो दिवस ठीक गेला एवढंच कळतं. पंधरवड्यातून एकदा होणाऱ्या त्रासासाठी एक-दोन आठवडे छातीवर राहणारा पॅच किंवा त्याहून लांब चालणारी नोंद लागते. शुद्ध हरपली, व्यायाम करतानाच धडधड झाली किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर नॉर्मल ईसीजी दाखवूनही डॉक्टर पुढे तपासणार, आणि तसंच करायला हवं.

नुसतं ‘नॉर्मल आहे, जा’ ऐकून घरी गेलेला माणूस आठवड्याभरात पुन्हा नाडी मोजू लागतो. छातीत दुखणाऱ्या रुग्णांवर न्यूझीलंडमध्ये झालेला एक प्रयोग 2007 साली प्रसिद्ध झाला. व्यायाम करवून हृदय तपासणाऱ्या स्ट्रेस टेस्टच्या आधीच काही रुग्णांना, टेस्ट नॉर्मल आली तर त्याचा अर्थ काय, हे बसून समजावलं. महिन्याभरानंतरही ते इतरांपेक्षा निश्चिंत होते, आणि दुखण्याची तक्रारही त्यांच्यात कमी होती. त्या शिक्षिकेलाही यंत्र लावतानाच कुणी एक्स्ट्रा ठोक्याची गोष्ट सांगितली, तर 3.15ची नोंद करताना तिचा हात कमी थरथरेल.