रुग्णालयातील हायपोग्लायसेमिया प्रोटोकॉल

वॉर्डात दाखल रुग्णाची रक्तशर्करा घसरल्यावर परिचारिकेने डॉक्टरची वाट न पाहता काय द्यायचे, पुन्हा केव्हा तपासायचे आणि काय लिहून ठेवायचे हे आधीच मंजूर करून ठेवणारा लेखी आदेश म्हणजे हा प्रोटोकॉल. महाराष्ट्रातल्या वॉर्डांत ग्लुकोमीटरच्या तपासणीला बहुधा ‘एचजीटी’ म्हणतात आणि शिरेतून देण्याच्या २५ टक्के डेक्स्ट्रोजला ‘२५ डी’. इंजेक्शन देण्याचा भाग बहुतेक ठिकाणी चांगला बसलेला असतो. पुढची तपासणी आणि कारणाची नोंद मात्र मागे पडते, आणि दुसऱ्यांदा साखर घसरते ती बहुधा त्यामुळेच.

प्रौढांमध्ये ७० मिग्रॅ प्रति डेसिलीटरच्या खाली साखर गेली की प्रोटोकॉल सुरू होतो. ५४ च्या खालची पातळी अधिक गंभीर मानतात. रुग्ण गोंधळलेला, झटके येणारा किंवा बेशुद्ध असेल, तर आकडा काहीही असो, तो तीव्र प्रसंग धरतात. लक्षणे आणि आकडा जुळत नसतील तर बोट धुऊन, पुसून पुन्हा तपासावे. फळ सोललेल्या बोटावरची साखर खरी घसरण झाकून टाकते, तर शॉकमधल्या थंड बोटाचा आकडा फसवा असू शकतो. शक्य असेल तेव्हा शिरेतला नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, पण त्याच्या उत्तरासाठी उपचार थांबवत नाहीत.

शुद्धीवर असलेल्या, गिळू शकणाऱ्या रुग्णाला तोंडावाटे १५ ग्रॅम ग्लुकोज देतात. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवली की साधारण तेवढे होते. नातेवाईक प्रेमाने पेढा किंवा चॉकलेट पुढे करतात, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्याला घरची साखर देऊनही लवकर उपयोग होत नाही, कारण या गोळ्या साखरेचे विघटनच लांबवतात. त्यांना ग्लुकोजच द्यावे लागते.

गिळता येत नसेल किंवा तोंडावाटे काही द्यायचे नसेल तर डेक्स्ट्रोज शिरेतून जाते. मात्रा ठरवताना टक्केवारीपेक्षा ग्रॅमचा विचार करणे सोयीचे असते. २५ टक्के द्रावणाच्या १०० मिलीमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असते, १० टक्क्यांच्या १०० मिलीमध्ये १० ग्रॅम आणि ५० टक्क्यांच्या २५ मिलीमध्ये साडेबारा ग्रॅम. काही रुग्णालये सरसकट २५ ग्रॅम देतात. काही ठिकाणी सूत्र वापरतात: १०० मधून रुग्णाची साखर वजा करून ०.४ ने गुणले की ५० टक्के डेक्स्ट्रोजचे मिली मिळतात, आणि २५ डी वापरायचे असेल तर त्याच्या दुप्पट. ब्रिटनमधील पद्धत सौम्य द्रावणाकडे झुकते. तिथे १० टक्क्यांचे १५० ते २०० मिली सुमारे १५ मिनिटांत देतात.

हा झुकाव सकारण आहे. ५० टक्के द्रावण इतके घट्ट असते की सुई शिरेबाहेर सरकली तर आजूबाजूची ऊती मरू शकते, म्हणून देण्याआधी शीर मोकळी असल्याची खात्री करतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश रुग्णवाहिका-चाचणीत १० टक्के आणि ५० टक्के डेक्स्ट्रोज थोडे थोडे करून दिले गेले. शुद्धीवर यायला दोन्ही गटांना सारखाच, सुमारे ८ मिनिटे वेळ लागला, पण १० टक्क्यांच्या गटाला ग्लुकोज कितीतरी कमी लागले आणि नंतर साखर तितकी उसळली नाही. ग्लायमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत ही उसळी विशेष त्रासदायक ठरते, कारण चढलेली साखर स्वादुपिंडाकडून आणखी इन्सुलिन काढून घेते आणि थोड्या वेळाने पुन्हा घसरण होते. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी असलेल्या रुग्णात मात्र द्रवाचे प्रमाण मोजावे लागते, तिथे २५ डी सोयीचे पडते.

शीर मिळतच नसेल तर स्नायूत १ मिग्रॅ ग्लुकागॉन देता येते. दीर्घ उपाशी, मद्यपी किंवा यकृताचा आजार असलेल्या रुग्णात ते अनेकदा फसते, कारण ते यकृतात साठवलेली साखर बाहेर काढते आणि इथे तो साठाच नसतो. मद्यपी रुग्णाला सोबत थायामिन द्यावे, पण त्यासाठी डेक्स्ट्रोज अडवून ठेवू नये.

उपचारानंतर १५ मिनिटांनी पुन्हा एचजीटी करतात. साखर ७० च्या वर नसेल तर तीच मात्रा पुन्हा देतात. वर आली आणि रुग्ण खाऊ शकत असेल तर पोळी, भात किंवा बिस्किटांसारखे काही खायला देऊन तासाभराने आणखी एकदा तपासतात. अनेकदा इथेच सगळे थांबवतात आणि तेच चुकते. शिरेतल्या ग्लुकोजचा परिणाम अर्धा-एक तासात ओसरतो, पण साखर पाडणारे औषध किती तास टिकणार हे कारणावर ठरते.

एक कल्पित रुग्ण घेऊ. ६८ वर्षांचे आजोबा तापाने दाखल झाले. घरची ग्लायमेपिराइड चालू ठेवली होती, क्रिएटिनिन वाढलेले आणि रात्री ताटातले दोन घासच गेले. सकाळी ६ वाजता घामाने भिजलेले, हाकेला नीट उत्तर देईनात. एचजीटी ३८. सूत्राने ६२ गुणिले ०.४ म्हणजे ५० टक्क्यांचे सुमारे २५ मिली, म्हणून २५ डीचे ५० मिली दिले. सव्वासहाला साखर ९२, आजोबा बोलू लागले, चहा-बिस्किटे खाल्ली. सव्वासातला ८१. कागदावर प्रसंग संपला. पण सिस्टरने कारण ‘ग्लायमेपिराइड, मूत्रपिंडाचे काम कमी, जेवण अपुरे’ असे लिहिले होते, म्हणून सकाळच्या सिस्टरने दर तासाला तपासणी चालू ठेवली. सव्वाआठला ५८ निघाली. डॉक्टरांनी गोळी बंद करून १० टक्के डेक्स्ट्रोजची सलाइन लावली आणि त्वचेखाली ऑक्ट्रिओटाइड दिले, जे स्वादुपिंडाचे इन्सुलिन सोडणे रोखते. अशा रुग्णाला निदान २४ तास नजरेखाली ठेवतात.

नोंदीत वेळ, आकडा, लक्षणे, दिलेले द्रावण टक्केवारी, मिली आणि ग्रॅमसह, १५ मिनिटांनंतरचा आकडा आणि कोणाला कळवले हे तर येतेच. कारण शोधायला उपयोगी पडते ते शेवटच्या इन्सुलिनचे किंवा गोळीचे नाव, मात्रा व वेळ, आणि रुग्णाने खरोखर किती खाल्ले. ‘जेवण दिले’ या नोंदीचा इथे काही उपयोग नाही. नळीवाटेचा आहार थांबला होता का, स्टिरॉइडची मात्रा उतरवली का, पोटॅशियम कमी करण्यासाठी इन्सुलिन-डेक्स्ट्रोज दिले होते का, हेही पाहतात. या शेवटच्या उपचारानंतर साखर काही तासांनी पडू शकते. कारण ठाऊक नसेल तर ‘अस्पष्ट’ असे लिहून डॉक्टरांना तसे सांगणे अंदाज ठोकण्यापेक्षा बरे. सेप्सिस किंवा यकृत निकामी होण्याची ती खूण असू शकते.

भारतात एक कारण मुद्दाम तपासावे लागते. इथे ४० युनिट आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरले तर रुग्णाला १० नव्हे, २५ युनिट जातात. म्हणून कुपी आणि सिरिंज दोन्ही बाजूला ठेवून त्यांची नोंद करावी.

कारण लिहिल्यावर पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. मात्र टाइप १ मधुमेहात पायाभूत इन्सुलिन आपणहून पूर्ण बंद करणेही धोक्याचे, त्यातून काही तासांत कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. तिथे मात्रा किती कमी करायची ते डॉक्टरांकडून लेखी घेतात.