गोव्यातून पुण्याला मोटरसायकल रेल्वेने पाठवताना: अर्ज, कागदपत्रं, पेट्रोल आणि पॅकिंग

भाच्याला पुण्यात प्रवेश मिळाला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, गाडी कशी न्यायची?" घर मडगावला, दीडशे सीसीची मोटरसायकल, नंबर जीए-०८चा आणि आरसी त्याच्या बाबांच्या नावावर. आम्ही ती वास्कोहून गोवा एक्सप्रेसने पाठवली.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की गाडी लगेज म्हणून जाणार की पार्सल म्हणून. तुम्ही त्याच ट्रेनने प्रवास करणार असाल तर तिकीट दाखवून ती लगेजमध्ये बुक होते आणि साधारणपणे तुमच्याबरोबरच पोहोचते. तिकिटावर मिळणारी मोफत सामानाची सवलत मोटरसायकलला लागू होत नाही, तिचं भाडं वेगळं भरावं लागतं. तिकीट नसेल तर पार्सल. त्यात भाडं सहसा कमी पडतं, पण ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे ट्रेनच्या सामानाच्या डब्यात जागा होईल तेव्हाच गाडी चढते, त्यामुळे दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात. भाचा स्वतः जाणार होता, म्हणून आम्ही लगेज निवडलं.

मडगाव स्टेशन घराजवळ असताना वास्को का? गोवा एक्सप्रेस वास्कोहूनच सुटते, त्यामुळे गाडी चढवायला वेळ असतो. मधल्या स्टेशनावर थांबा मोजक्या मिनिटांचा असतो, आणि घाईत चढवलेल्या मोटरसायकलचा आरसा किंवा लिव्हर हमखास जातो.

कागदपत्रं

पार्सल ऑफिसात आरसी आणि विम्याची प्रत, ओळखपत्राची प्रत आणि लगेज असेल तर प्रवासाचं तिकीट लागतं. मूळ कागदही सोबत ठेवा, कारण क्लार्क ताडून बघतो. गाडी पाठवणाऱ्याच्या नावावर असली तर प्रश्नच नाही. आमच्याकडे ती बाबांच्या नावावर होती, म्हणून त्यांच्या सहीचं संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत जोडली. पत्रात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, कोण नेतोय आणि कुठे, एवढं लिहिलं होतं. फक्त रेल्वेने पाठवण्यासाठी आरटीओची एनओसी लागत नाही.

आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात जाऊन जागेची चौकशी करा. तिथे फॉरवर्डिंग नोट भरायची असते. त्यात पाठवणारा, घेणारा, कुठून कुठे आणि गाडीची किंमत लिहावी लागते. किंमतीच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात. किंमत जाहीर करून त्यावरचा टक्केवारीचा आकार भरला नाही, तर नुकसान झाल्यास रेल्वेची जबाबदारी वजनाच्या हिशोबाने मर्यादित राहते. लगेजसाठी ती किलोमागे १०० रुपये आहे. म्हणजे १४० किलोची गाडी पूर्ण नष्ट झाली तरी १४,००० रुपयांच्या वर काही मिळणार नाही. गाडी नवी असेल तर आकार भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकी रिकामी म्हणजे रिकामी

रेल्वेला टाकीत पेट्रोल अजिबात चालत नाही. रिझर्व्हवर आली म्हणजे टाकी रिकामी झाली असं नाही. क्लार्क झाकण उघडून पाहतो, गाडी हलवून आत खळखळ ऐकतो. ज्वालाग्राही पदार्थ बेकायदा नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बंद डब्यात पेट्रोलची वाफ साठते आणि ती एका ठिणगीने पेटते. नियम कडक आहे तो याचसाठी.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. शेवटच्या आठवड्यात टाकी भरायचीच नाही. मडगाव ते वास्को साधारण ३० किलोमीटर, म्हणजे या गाडीला एक लिटरही लागत नाही. आम्ही थोडंच जास्त ठेवून निघालो आणि उरलेलं वास्कोला हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये काढून सोबत आलेल्या स्कूटरमध्ये ओतलं. नळी तोंडाने ओढू नका, पेट्रोल छातीत गेलं तर जिवावर बेतू शकतं. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर कॉकमधून आणि कार्ब्युरेटरच्या ड्रेन स्क्रूमधूनही काढा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाच्या तळाशी थोडं राहतंच, ते संपवायला इंजिन चालू ठेवा. बंद पडलं की मात्र पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. पंपाला थंडावा पेट्रोलचाच असतो, कोरडा फिरला तर तो खराब होतो. नंतर उघड्यावर, सावलीत तासभर झाकण उघडं ठेवलं की वाफ जाते.

रंग वाचवायचा तर गोणपाट थेट लावू नका

स्टेशनबाहेरचे पॅकिंगवाले बहुधा टाकीवर सरळ गोणपाट गुंडाळून सुतळीने शिवतात. मागे माझ्या एका गाडीचं असंच केलं होतं. टाकीवर धूळ तशीच होती. रात्रभराच्या हादऱ्यांनी गोणपाट आणि धूळ मिळून पॉलिश पेपरसारखी घासली, आणि दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे उठले.

म्हणून या वेळी गाडी आदल्या दिवशी धुऊन पूर्ण सुकवली. टाकीवर आधी जुनी मऊ सुती चादर, मग फोम, त्यावर पुठ्ठा आणि सगळ्यात वर गोणपाट. चिकटपट्टी रंगाला लागू दिली नाही, ती फोमवरच लावली. आरसे काढून बॅगेत घेतले. हेडलाइट, इंडिकेटर आणि लिव्हरना पुठ्ठ्याचे जाड थर बांधले. पूर्ण गाडी प्लास्टिकमध्ये कोंडू नका. गोव्याच्या दमट हवेत आत पाणी सुटतं आणि क्रोमवर गंजाचे ठिपके येतात.

चाकं मात्र मोकळी ठेवा आणि हँडल लॉक करू नका. हमाल गाडी ढकलत नेतात. हँडल लॉक असलं तर ती फरफटत जाते. गिअर न्यूट्रलला ठेवून चावी स्वतःकडे घ्या. नंबर, 'वास्को ते पुणे' आणि घेणाऱ्याचं नाव गोणपाटावर पक्क्या शाईने लिहा, शिवाय पुठ्ठ्याची चिठ्ठी हँडलला बांधा. पावसात साधी शाई वाहून जाते.

ट्रकने पाठवली तर

ब्रेकव्हॅनमध्ये गाडी बांधणं आपल्या हातात नसतं, ट्रकमध्ये असतं. पुढचे दोन पट्टे हँडलच्या टोकांना नव्हे, तर फोर्क धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पला लावा. हँडलच्या टोकाला ओढलं तर हँडल वाकतं. पट्टे पुढे आणि बाहेर, साधारण ४५ अंशांत, ट्रकच्या कड्यांना जावेत. फोर्क एक तृतीयांश ते निम्मा दबला की पुरे. पूर्ण दाबला तर सीलवर ताण येतो, अजिबात दबला नाही तर खड्ड्यात पट्टा ढिला होऊन हूक सुटतो. मागचे पट्टे मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला लावा. सायलेन्सर, प्लास्टिकचे भाग किंवा आरसे यांना लावू नका. पट्टा रंगाला टेकतो तिथे कापड घाला. गाडी स्टँडवर नको, दोन्ही चाकांवर उभी हवी आणि पुढच्या चाकाला लाकडी ठोकळा हवा. अर्ध्या तासाने ट्रक थांबवून पट्टे पुन्हा ताणायला सांगा. पहिल्या टप्प्यातच ते सैल होतात.

पुण्यात ताबा घेताना

पावती मूळ लागते. हरवली तर हमीपत्र करून द्यावं लागतं, त्यात दिवस जातो. गाडी पहाटे उतरली, तरी भाच्याने लगेच ताबा घेतला. मोफत वेळ संपली की व्हार्फेज, म्हणजे गाडी स्टेशनावर पडून राहिल्याचा आकार लागतो. गोणपाट फाटलेलं दिसलं तर सही करून निघून जाऊ नका. तिथेच ओपन डिलिव्हरी, म्हणजे रेल्वेच्या माणसांसमोर पॅकिंग उघडून ताबा मागा, त्यात नुकसानीची नोंद होते. भरपाईची लेखी नोटीस बुकिंगपासून ६ महिन्यांच्या आत द्यावी लागते. आमच्या गाडीचा डावा इंडिकेटर सैल झाला होता, एवढंच.

पेट्रोल नसलेली गाडी पंपापर्यंत ढकलावी लागते, तेव्हा सोबत एक माणूस ठेवा. आणि गाडी पुण्यात १२ महिन्यांहून जास्त राहणार असेल, तर गोव्याच्या आरटीओकडून फॉर्म २८वर एनओसी घेऊन तिकडे नवी नोंदणी करावी लागेल. आमच्या भाच्याचं शिक्षण तीन वर्षांचं आहे, म्हणून तो अर्ज आम्ही दिवाळीत करणार आहोत.